बंद दारांची आठवण

1986 साली निन्टेन्डोचा 'मेट्रॉइड' आला. तोवर अशा खेळांत उजवीकडे धावायचं, हे खेळणाऱ्यांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. इथेही सगळे उजवीकडेच गेले आणि थोड्याच वेळात एका बुटक्या बोगद्यापाशी अडले. नायिका सॅमस त्यात मावत नव्हती. मागे फिरून, जिथून खेळ सुरू झाला त्याच्या डावीकडे गेलं, की एक शक्ती मिळायची. तिच्यामुळे सॅमस चेंडूसारखी गोल होते आणि बोगद्यातून सरकत पलीकडे जाते. पुढे ज्या खेळांना 'मेट्रॉइडव्हेनिया' म्हटलं जाऊ लागलं, त्यांची सगळी घडण या एका प्रसंगात आहे: आधी अडथळा दिसतो, मग त्याची किल्ली सापडते, आणि ती घेऊन ओळखीच्या जागी परतावं लागतं.

इथली किल्ली खिशात ठेवायची वस्तू नसते, ती नायकाच्या अंगी येणारी क्षमता असते. उंच उडी, भिंतीवरून उडी, हवेत दुसऱ्यांदा उडी, जमीन फोडणारा स्फोट. त्यामुळे किल्ली मिळाली की एकच दार उघडत नाही, आधी पाहिलेल्या सगळ्या जागांचा अर्थ बदलतो. जो कट्टा केवळ शोभेचा वाटला होता, तो आता वाट होतो.

हे नेमकं कसं रचलं जातं, हे पाहायला 1994 च्या 'सुपर मेट्रॉइड'च्या सुरुवातीइतकं उत्तम उदाहरण नाही. सॅमस झेबेस ग्रहावर उतरते. खाली जाताना तिला पहिल्या खेळातल्या शेवटच्या लढाईची उद्ध्वस्त जागा लागते. तिथे कोणीही नाही, सगळं सामसूम. लिफ्टने आणखी खाली गेल्यावर गोल होण्याची शक्ती पुन्हा डावीकडेच मिळते आणि तिच्यामुळे उजवीकडचा अरुंद रस्ता खुला होतो. तिकडे क्षेपणास्त्रांचा पहिला साठा सापडतो: बरोबर 5. आता वर परतायचं. पण मघाशी रिकाम्या असलेल्या त्याच खोल्यांत या वेळी शत्रू वावरत असतात. वर लाल रंगाचं एक दार आहे, ते साध्या गोळीने हलत नाही. ते उघडायला क्षेपणास्त्रंही 5 च लागतात. आत बॉम्ब मिळतात, ते घेताच दार बंद होतं आणि तिथला पुतळा जिवंत होऊन अंगावर येतो.

या छोट्याशा फेरीत खेळाने एका शब्दाचीही सूचना न देता पुढच्या कित्येक तासांचे नियम शिकवलेले असतात. लाल दाराला क्षेपणास्त्र लागतं, हे एकदा कळलं की हिरवं किंवा पिवळं दार दिसताच खेळणारा ओळखतो की याला आणखी वेगळं काही लागणार. आणि मागे फिरणं कंटाळवाणं होत नाही, कारण परतीच्या वाटेवर जग बदललेलं असतं. बॅकट्रॅकिंगबद्दल जी कुरकुर ऐकू येते, ती बहुतेकदा तशाच खोल्यांतून, तशाच वेगाने, तेच शत्रू मारत जावं लागतं तेव्हाची असते. नव्या शक्तीने जुनी वाट निम्म्या वेळात पार होत असेल, तर तीच वाट हवीहवीशी वाटते.

तरीही माणसं हरवतात, आणि 'सुपर मेट्रॉइड'मध्येही हरवली. ब्रिन्स्टार या भागात पायाखाली कोसळणारा एक पूल आहे. चालत गेलं की सॅमस खाली पडते. नवख्या खेळाडूंना वाटतं, इथे एखादी शक्ती लागत असणार, ती मिळाल्यावर पाहू. ते निघून जातात आणि मग कुठेच वाट सापडत नाही. प्रत्यक्षात पळण्याचं बटण दाबून ठेवून धावत जायचं असतं, आणि ते बटण पहिल्या क्षणापासून हातात असतं. हा पूल इतक्या जणांना नडला की त्याला 'नूब ब्रिज' असंच नाव पडलं. इथे नकाशा काही कामाचा नाही, कारण जागा माहीत असते, फक्त अडथळा चुकीचा वाचलेला असतो. याच खेळात दुसऱ्या ठिकाणी खोल खड्ड्यात छोटे प्राणी भिंतीवरून भिंतीवर उड्या मारत वर जाताना दिसतात आणि खेळणारा ते पाहून तसं करायला शिकतो. शिकवण्याची तीच हातोटी पुलापाशी असती, तर बरीच भटकंती वाचली असती.

हरवण्याचं दुसरं कारण अधिक नेहमीचं आहे. 'मी कुठे आहे' हे सहसा कळतं. 'मी कुठे कुठे अडलो होतो' हे विसरलेलं असतं. दहा तासांपूर्वी दिसलेला उंच कट्टा डबल जंप मिळाल्यावर आठवत नाही. मग एकाच चार-पाच खोल्यांत घिरट्या सुरू होतात.

ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी या छोट्या चमूच्या 'हॉलो नाइट'ने (2017) नकाशालाच खेळाचा भाग केलं. नव्या प्रदेशात शिरताना हातात नकाशा नसतोच. कॉर्निफर नावाचा नकाशाकार कुठेतरी बसलेला असतो, त्याचं गुणगुणणं आणि वाटेत विखुरलेले कागद यांच्या मागाने त्याला शोधायचं. तो विकतो तो नकाशाही अर्धवट. पुढचा भाग स्वतः फिरून भरायचा, त्यासाठी त्याची बायको इसेल्डा हिच्या दुकानातून लेखणी विकत घ्यायची, आणि तीही बाकावर बसल्याशिवाय नोंद करत नाही. आपण नकाशावर नेमके कुठे आहोत हे दाखवणारा होकायंत्राचा ताईत घातला, तर लढाईत उपयोगी पडेल अशा दुसऱ्या ताइताची एक जागा अडते. ही किंमत काहींना जाचक वाटते. पण अनोळखी प्रदेशातली धाकधूक त्यातूनच येते, आणि पुढे तोच प्रदेश तोंडपाठ होतो.

इसेल्डाच्या दुकानात नकाशावर लावायच्या रंगीत खुणाही मिळतात. बरेच जण त्या घेतच नाहीत, आणि हरवणं टाळायचं तर सर्वांत आधी घ्यायला हव्यात त्या याच. एक रंग अडथळ्याच्या एकाच प्रकाराला द्यावा: हा उंच कट्ट्यांचा, तो आम्लाच्या तळ्यांचा. नवी शक्ती मिळाली की मनाला येईल तिकडे न भटकता त्या रंगाच्या खुणांकडे जायचं. खुणा संपल्या तर खोल्यांच्या कडा तपासायच्या. जिथे कड बंद होत नाही, तिथे न चाललेली वाट असते. आणि तरीही काही सापडलं नाही, तर पुलासारखं काहीतरी चुकीचं वाचलं गेलं असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी आत्ता हातात असलेली प्रत्येक हालचाल शेवटच्या अडथळ्यापाशी पुन्हा करून पाहावी.

नुसत्या ठिपक्याची अडचण अशी, की 'इथे काहीतरी होतं' एवढंच तो सांगतो. युबिसॉफ्टच्या माँपेलिए इथल्या स्टुडिओने 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन'मध्ये (2024) त्यावर चांगला उपाय काढला. बंद वाट दिसली की एक बटण दाबायचं. समोरच्या दृश्याचं छायाचित्र नकाशावर त्याच जागी चिकटतं. पुढे कधीही नकाशा उघडला की कट्टा किती उंच होता, मध्ये काटे होते की नाही, सगळं डोळ्यांसमोर येतं. या छायाचित्रांची संख्या मात्र मर्यादित आहे. काम झालेलं चित्र काढून टाकलं की ती जागा पुन्हा वापरता येते, आणि खेळ पुढे सरकतो तशी ही संख्या वाढवता येते. ज्यांना हेही नको, त्यांच्यासाठी पुढचं ठिकाण आणि सध्या बंद असलेल्या वाटा दाखवणारी मार्गदर्शित पद्धत आहे. ती सेटिंग्जमधून कधीही चालू किंवा बंद करता येते, त्यामुळे एखाद्या संध्याकाळी फारच अडल्यावर तेवढ्यापुरती मदत घेऊन पुढचा शोध पुन्हा स्वतःच्या हिमतीवर सुरू करता येतो.