चौथ्या मात्रेवरचा प्रवेश

शाळेच्या ऑर्केस्ट्रात नव्याने बसलेल्या मुलाचे डोळे कागदावर खिळलेले असतात. स्वर बरोबर लागतात, पण किंचित उशिरा, कारण शेजारच्याचं व्हायोलिन ऐकू आल्यावर तो गज फिरवतो. ऐकून सुरुवात केली की उशीर ठरलेलाच. म्हणून कंडक्टरचा हात पाहायचा.

चार मात्रांच्या बारमध्ये कंडक्टरचा उजवा हात पहिल्या मात्रेला सरळ खाली येतो, दुसरीला आत छातीसमोर जातो, तिसरीला बाहेर आणि चौथीला वर. खाली येणारा हात म्हणजे जणू आपली सम. फक्त इथे ठेका ऐकू येत नाही, तो पाहायचा असतो. हात जिथे टेकून उसळल्यासारखा वाटतो, त्या क्षणी मात्रा पडते. सुरुवातीआधीची एक मात्रा कंडक्टर रिकामी दाखवतो आणि त्याच वेळी श्वास घेतो. लय किती, आवाज किती, हे त्या एका हालचालीत कळतं, त्यामुळे आपणही तेव्हाच श्वास घ्यायचा.

बेथोव्हनच्या १८२४ सालच्या नवव्या सिंफनीतली ‘ओड टू जॉय’ची धून अनेक शाळांत वाजवली जाते. ती सोळा बारची, चार-चार बारच्या चार ओळींची. समजा, पहिले बारा बार तुम्हाला विश्रांती आहे आणि शेवटच्या ओळीला तुमचा प्रवेश आहे. आधीच्या तिन्ही ओळी पहिल्या मात्रेवर सुरू होतात. शेवटची मात्र एक मात्रा आधीच, बाराव्या बारच्या चौथ्या मात्रेवर उचलली जाते आणि तोच स्वर पुढच्या बारमध्ये धरून ठेवायचा असतो.

विश्रांतीतले बार ‘एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार’ असे मोजतात. पहिला आकडा बारचा. ‘बारा-दोन’ला कंडक्टर तुमच्याकडे पाहील, कदाचित डावा हात उचलेल. ‘तीन’ला उजवा हात बाहेर जाताना श्वास घ्या आणि ‘चार’ला, हात वर जात असताना, गज चालू करा. पुढे हात खाली येईल, पण गज नव्याने फिरवायचा नाही. तिथे धक्का ऐकू आला, तर तुम्ही सवयीने पहिल्या मात्रेवर सुरुवात केलीत असं समजा.

कंडक्टर दर वेळी खूण करेलच असं नाही. त्याच क्षणी त्याला ट्रम्पेटकडेही पाहायचं असू शकतं. म्हणून मोजणी स्वतःची हवी, खूण ही खात्रीपुरती. बाराव्या बारवर पेन्सिलने चष्म्याचं चित्र काढून ठेवा आणि स्टँड इतका खाली घ्या की कागदाच्या वरच्या कडेवरून बॅटन दिसेल. तरीही मोजणी चुकली, तर वाजवणं थांबवा, खाली येणारा हात शोधून पहिली मात्रा पकडा आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत सामील व्हा.