एजंटने सांगितला २४,००० चा हप्ता, खात्यातून गेले २५,४३७. मधले पैसे कुठे गेले?

परवाच्या व्हिडिओखाली विम्याच्या हप्त्याबद्दल बरेच प्रश्न आले. आपल्या बॅचमधल्या एका किराणा दुकानदार दादांची केस त्यासाठी एकदम योग्य आहे, म्हणून इथे हिशोब नीट मांडून देतो. वही-पेन घेऊन बसा.

दादांनी २८ मार्च २०२४ ला स्वतःच्या नावावर एंडोमेंट पॉलिसी घेतली. म्हणजे विमा अधिक बचत, आपल्याकडे सगळ्यात जास्त खपणारा प्रकार. एजंट म्हणाला, "वर्षाला चोवीस हजार." पहिल्या वर्षी गेले २५,०८०. दुसऱ्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये भरले २५,४३७. दादांचा ठाम समज झाला की कंपनीने हप्ता ३५७ रुपयांनी वाढवला आणि वरचे पैसे एजंट खातो. पॉलिसी बंदच करायला निघाले होते.

आता बघा. अशा पॉलिसीचा मूळ हप्ता पॉलिसीच्या कागदावर छापलेला असतो आणि तो वर्षावर्षाला असा वाढत नाही. २४,००० हा मूळ हप्ता. एजंट बोलताना तोच आकडा सांगतो, कर धरून सांगत नाही. (खरं तर सांगायला पाहिजे, पण आपणही ग्राहकाला भाव सांगताना "प्लस जीएसटी" हळूच म्हणतो की नाही?)

त्या काळात एंडोमेंटवर जीएसटी १८ टक्क्यांनीच होता, पण पूर्ण हप्त्यावर नाही. पहिल्या वर्षी हप्त्याच्या फक्त २५ टक्के भागावर, म्हणजे एकूण ४.५ टक्के. पुढच्या वर्षांपासून १२.५ टक्के भागावर, म्हणजे २.२५ टक्के. म्हणून पहिल्या वर्षी कर १,०८० आणि एकूण २५,०८०. दुसऱ्या वर्षी कर निम्मा, ५४०. म्हणजे दादांचे २४,५४० जायला हवे होते. आधीच्या वर्षापेक्षा कमी!

मग जास्त ८९७ रुपये कसले? मी दादांना बँकेचं स्टेटमेंट बाजूला ठेवायला लावलं. तिथे एकच आकडा दिसतो. कंपनीच्या साइटवरून प्रीमियमची पावती डाउनलोड केली, त्यात फोड होती: लेट फी ७६० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १३६.८०. एकूण ८९६.८०, पावती पूर्ण रुपयात केली.

झालं असं होतं की २८ मार्चला ऑटो डेबिट आलं, तेव्हा वर्षअखेरीच्या माल खरेदीमुळे खात्यात शिल्लक नव्हती. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस पिरियड असतो, म्हणजे २७ एप्रिलपर्यंत भरले असते तर लेट फी शून्य. दादांनी २८ जुलैला भरले. इथे बहुतेक लोक फसतात. त्यांना वाटतं, ग्रेसचे दिवस सोडून उशीर मोजतात. तसं नाही, व्याज मूळ देय तारखेपासून लागलं. या कंपनीचा दर वर्षाला ९.५ टक्के होता. २४,००० वर चार महिन्यांचे ७६० बरोबर येतात. दर कंपनीनुसार बदलतो, तुमच्या कंपनीला विचारा.

म्हणजे कर ५४० ने कमी झाला आणि लेट फी करासकट ८९७ ने वाढली. फरक फक्त ३५७ दिसला, म्हणून उशिराचा दंड झाकला गेला.

आणि अजून एक. मार्चच्या स्टेटमेंटमध्ये ५९० ची वेगळी एंट्री सापडली. ते डेबिट परत गेल्याचे बँकेचे चार्जेस, ५०० अधिक ९० जीएसटी. हे विमा कंपनीच्या पावतीवर कधीच दिसणार नाहीत. उशिराची खरी किंमत १,४८७ झाली.

तुमच्या केसमध्ये शोधायची सोपी पद्धत: खात्यातून गेलेल्या रकमेतून मूळ हप्ता वजा करा, उरलेल्याला मूळ हप्त्याने भागा. दादांचं उत्तर जवळजवळ ६ टक्के आलं. ते ना ४.५, ना २.२५, ना १८. म्हणजे करात दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे, पावती उघडा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. त्यामुळे दादांचा मार्च २०२६ चा हप्ता वेळेवर भरल्यास सरळ २४,०००. त्यानंतरच्या अशा हप्त्यात वर काही दिसलं तर आधी तारीख तपासा, मग कंपनीला लेखी विचारा.

दुकानाच्या आगीच्या विम्याला मात्र ही सूट नाही, तिथे १८ टक्के लागतोच. नियमित जीएसटी नोंदणी असेल तर त्या पॉलिसीवर आपला जीएसटी नंबर टाकून घ्या, क्रेडिट मिळतं. कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही.

दादांनी आता देय तारीख मोबाइलमध्ये १५ मार्चलाच लावून ठेवलीय, म्हणजे माल भरायच्या आधी चोवीस हजार बाजूला निघतील.