संडास आहे, पण उघडा आहे का?

सरकारी आकड्यांवर विसंबलं तर हा प्रश्न जवळपास सुटलेला आहे. शाळांनी स्वतः भरलेल्या 'यू-डायस' माहितीनुसार देशातल्या सुमारे ९७ टक्के शाळांत मुलींसाठी स्वच्छतागृह आहे. 'प्रथम'च्या 'असर' पाहणीतले स्वयंसेवक मात्र गावातल्या सरकारी शाळेत प्रत्यक्ष जातात आणि मुलींचा वेगळा संडास आहे का, त्याला कुलूप आहे का, उघडा असेल तर वापरण्याजोगा आहे का, हे पाहून नोंदवतात. २०२४ च्या पाहणीत मुलींसाठी वापरण्याजोगा संडास ७२ टक्के शाळांत सापडला. २०१० मध्ये हेच प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे सुधारणा खरी आहे. दोन्हींची मोजणी एकाच शाळांची नाही, हे धरूनही मधली तफावत मोठी उरते. कारण एका ठिकाणी बांधकाम मोजलं जातं आणि दुसऱ्या ठिकाणी वापर.

बांधलेल्या संडासाचं पुढे काय होतं, हे 'कॅग'च्या २०२० च्या अहवालात फार रोखठोक आलं आहे. २०१४ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी वर्षभरात प्रत्येक शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह देण्याची घोषणा केली. त्यातली बरीच बांधकामं सरकारी कंपन्यांनी केली होती. लेखापरीक्षकांनी १५ राज्यांत जाऊन अशा २,६९५ संडासांची तपासणी केली. काही तर बांधलेच नव्हते. जे उभे होते, त्यांतल्या ७२ टक्क्यांत आत नळाला पाणी नव्हतं आणि ३० टक्के वापरातच नव्हते. कुठे मोडतोड झालेली, कुठे कधीच सफाई नाही, कुठे दुसऱ्याच कामासाठी वापर, तर कुठे कुलूप.

कुलूप हा शिक्षकांचा दुष्टपणा असतो, असं बाहेरच्याला वाटतं. पण एकदा हिशोब मांडून पाहावा. पहिली ते सातवीची जिल्हा परिषदेची एक शाळा धरू, पट ९०. समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांनुसार ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये संयुक्त अनुदान मिळतं, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. म्हणजे वर्षाला २,५००, महिन्याला जेमतेम २०८ रुपये. यात फिनेल, ब्रश, झाडू, बादली, मग आणि तुटलेली कडी. सफाईला माणूस लावावा तर आठवड्यातून दोनदा शंभर रुपये दिले तरी महिन्याला आठशे होतात. दहा टक्के हा किमान आकडा आहे, जास्त खर्च करायला मनाई नाही. पण उरलेल्या पैशांत खडू, वीजबिल आणि किरकोळ दुरुस्तीही बसवायची असते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला सहसा शिपाई नसतो. पाण्याचं गणितही असंच. साध्या भारतीय बैठकीच्या संडासाला दर वेळी दोन-तीन लिटर पाणी ओतावं लागतं. चाळीस मुली दिवसातून एकदा गेल्या तरी शंभर-सव्वाशे लिटर. ते हापशावरून कोण आणणार? मग मुख्याध्यापक संडास निदान घाण तरी होऊ नये म्हणून कुलूप घालतात आणि किल्ली कपाटात ठेवतात. बारा-तेरा वर्षांची मुलगी पाळीच्या दिवशी सरांकडे ती किल्ली मागायला जाईल, असं मानणाऱ्यांनी शाळेत एक दिवस बसून पाहावं.

तरीही संडासाने फरक पडतो, आणि तो कुणाला पडतो हे अंजली अडुकिया यांच्या २०१७ च्या अभ्यासाने स्पष्ट केलं. २००३ मध्ये देशभर शाळांत संडास बांधण्याचा कार्यक्रम झाला होता. संडास मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची पटसंख्या त्यांनी ताडून पाहिली. लहान मुलामुलींचा पट कोणताही संडास बांधला तरी वाढला. वयात येणाऱ्या मुलींचा पट मात्र प्रामुख्याने वेगळा संडास असेल तिथेच वाढला. मुलग्यांशी सामाईक संडासाने मुली-मुलग्यांमधली दरी कमी झाली नाही. लहानांना घाणीपासून होणाऱ्या आजारांतून सुटका मिळते, मोठ्या मुलींना आडोसा आणि सुरक्षितता हवी असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. परीक्षेतले गुण मात्र वाढले नाहीत. आणि एक मर्यादा विसरू नये: हा अभ्यास पटाचा आहे, हजेरीचा नाही. नाव दाखल असणं आणि रोज वर्गात असणं यांत अंतर आहे.

हजेरीकडे वळलं की संशोधनच गोंधळात टाकतं. भारतातल्या १३८ अभ्यासांचा २०१६ मध्ये घेतलेला एकत्रित आढावा सांगतो, की पाळीत शाळा बुडवत असल्याचं सुमारे २४ टक्के मुलींनी सांगितलं. याउलट एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्न्टन यांनी नेपाळमधल्या चितवन भागात चार शाळांतल्या १९८ मुलींची रोजची नोंद ठेवली, तर १८० दिवसांच्या वर्षात पाळीमुळे बुडालेली शाळा भरली सरासरी ०.४ दिवस. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या मुलींना त्यांनी मासिक पाळीचा कप दिला. त्यानेही हजेरी बदलली नाही, कपडे धुण्याचा वेळ तेवढा वाचला. बुडवणाऱ्या मुलींच्या तक्रारीत पोटदुखी पुढे होती.

मग खोटं कोण? कदाचित कुणीच नाही. चाळीस मुलींच्या वर्गात दहा जणी 'हो, बुडते' म्हणाल्या की २५ टक्के होतात. त्या दहाही जणी दर महिन्याला एक दिवस घरी राहिल्या, तर दहा महिन्यांत शंभर दिवस बुडाले, वर्गाची सरासरी मुलीमागे अडीच दिवस. त्याच दहा जणी वर्षातून एकदाच राहिल्या असतील, तर सरासरी पाव दिवस. उत्तर दोन्ही वेळा 'हो'च. वर्तमानपत्रांत मात्र 'चारातली एक मुलगी पाळीमुळे शाळा बुडवते' एवढंच छापून येतं, आणि कितीदा हे कुणी विचारत नाही.

यातूनच पॅडबद्दलही जरा सबुरीने बोलावं, असं मला वाटतं. महाराष्ट्राने २०१८ मध्ये 'अस्मिता' योजनेत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत देऊ केलं. योजना चांगलीच आहे. पण भारतीय आढाव्यात विकतचे पॅड वापरणं आणि कमी गैरहजेरी यांचा दिसणारा संबंध इतर घटक लक्षात घेतल्यावर उरला नाही. पॅड मिळालं तरी ते बदलायला आडोसा, कडी, पाणी आणि वापरलेलं टाकायला झाकणाची बादली लागते. पॅड जाळायचं यंत्र बसवलेल्या शाळेत आधी वीज चालू आहे का, ते पाहावं लागतं.

शिवाय बुडालेली अर्धी शाळा कुठेच नोंदली जात नाही. हजेरी सकाळी घेतली जाते. मधल्या सुट्टीत घरी गेलेली आणि परत न आलेली मुलगी हजेरीपटावर दिवसभर हजर असते. पाणीच न पिता, संडासाला न जाता पाच तास बसलेली मुलगीही हजरच. म्हणून पुढचा अभ्यास करणाऱ्यांनी मुलींना 'बुडवतेस का?' विचारण्याऐवजी सहावी ते आठवीची मोजणी मधल्या सुट्टीनंतर पुन्हा करावी. संडास उघडा आणि पाणी भरलेलं असतानाचे तीन महिने आणि नसतानाचे तीन महिने, दोन्ही काळात. त्याला अनुदान नको, हजेरीपटात एक जादा रकाना पुरे.