बरणीवरच्या चिठ्ठीत काय लिहाल?

कैरीच्या लोणच्याचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावेत: कैरी, तेल, मीठ, मोहरीची डाळ, तिखट, मेथी, हळद, हिंग. हिंगात गव्हाचे पीठ असेल तर हिंगापुढे ‘गव्हाचे पीठ’ असे लिहाच. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, आणि गहू वर्ज्य असलेल्या शेजाऱ्याला लोणच्यात तो असेल असे सुचतही नाही. मोहरीचीही काहींना ॲलर्जी असते, म्हणून ती ठळक अक्षरांत. नुसते ‘तेल’ पुरेसे नाही. शेंगदाण्याचे की तिळाचे, ते सांगावे. तारीख लोणचे घातल्याची द्यावी. शेवटी साठवणीची सूचना: ‘फोडी तेलात बुडालेल्या ठेवा, कोरडा चमचा वापरा. बुरशी दिसली तर नुसता वरचा थर काढू नका, सगळे लोणचे टाकून द्या.’