धुराड्याची ओढ : नऊ ग्रॅमचा फरक

चुलीचे विज्ञान : लेखांक ५

मागच्या लेखांकात आपण पाहिले की एक किलो कोरडे लाकूड पुरते जळायला सुमारे सहा किलो हवा लागते, आणि प्रत्यक्ष चुलीत त्याहून बरीच जास्त. एवढी हवा फुंकणीने पुरवता येत नाही. ती धुराडे आणते, आणि म्हणून आपण म्हणतो की धुराडे ‘ओढते’. शब्द रूढ आहे, वापरायलाही हरकत नाही. पण त्यामुळे काम नळी करते असा समज होतो. पोकळ नळीत ओढणारे काहीच नसते. चुलीत हवा शिरते ती बाहेरच्या थंड, जड हवेने ढकलल्यामुळे. पाण्यात दाबून धरलेले लाकूड सोडताच पाणी त्याला वर सारते, तसेच इथेही घडते.

हे वजनाने पाहू. दहा सेंटिमीटर व्यासाचे, तीन मीटर उंचीचे धुराडे घ्या. दोन भांड्यांच्या, वैल असलेल्या सुधारित चुलीला साधारण एवढेच असते. बाहेरची हवा २७ अंश सेल्सियस असेल, तर या नळीत मावेल एवढ्या हवेचे वजन सुमारे २८ ग्रॅम भरते. आतला धूर सरासरी १७७ अंशांवर असेल, तर तेवढ्याच जागेतला वायू फक्त साडेअठरा ग्रॅमचा. फरक नऊ ग्रॅमांच्या आसपास, आणि सगळी ओढ एवढीच. नळीच्या छेदावर तो पसरला की दाबातला फरक सुमारे साडेअकरा पास्कल होतो, म्हणजे पाण्याची पातळी जेमतेम सव्वा मिलिमीटर उचलेल इतका. सरपणातून वाट काढणे, भांड्याच्या बुडाखालून सरकणे, वैलाकडे वळणे, नळीच्या भिंतींना घासत वर जाणे, हा सगळा खर्च या एवढ्याशा दाबातून भागवायचा असतो.

यावर एक शंका रास्त आहे. धुरात कार्बन डायॉक्साइड असतो आणि तो हवेपेक्षा जड. मग धूर वर का जावा? पण त्याच धुरात पाण्याची वाफही असते, जी हवेपेक्षा हलकी आहे, आणि बहुतांश भाग तर हवेतलाच नायट्रोजन असतो. या सगळ्यांची बेरीज हवेच्या जवळपासच येते. धूर हलका होतो तो घटकांमुळे नव्हे, तापल्यामुळे. पटत नसेल तर पहाटे चूल पेटवताना पाहावे. नळी थंड असते, तिच्यात शिरलेला धूर लगेच निवतो आणि उलटा फिरून घरात येतो. ६० अंशांच्या धुराला तर अवघ्या तीन ग्रॅमांचाही फरक मिळत नाही. अशा वेळी धुराड्याच्या बुडाशी कागद किंवा वाळका पाला जाळला, तर नळीतला स्तंभ आधी तापतो आणि मग चूल ओढू लागते. वाऱ्यामुळे ओढ लागते म्हणावे, तर वारा पूर्ण पडलेल्या रात्रीही तापलेले धुराडे चालतेच; शिवाय उलटा वारा धूर खाली दाबतो.

मग धूर जितका गरम, तितकी हवा जास्त? इथे गणित वेगळे वळण घेते. तापमान वाढले की ढकल वाढते, पण वायू विरळही होतो, म्हणजे नळीतून तेवढ्याच आकारमानात कमी वजनाचा वायू जातो. अडथळा मुख्यतः गरम मार्गातच असेल, तर दोन्हींचा मेळ ३२७ अंशांच्या आसपास बसतो, आणि तिथेही १७७ अंशांच्या तुलनेत हवा केवळ सहा टक्क्यांच्या आसपास वाढते. ६२७ अंशांवर ती पुन्हा १७७ अंशांएवढीच होते. म्हणून धुराड्यात पाठवलेली जादा आच ओढीसाठी जवळपास वाया जाते; ती वैलावरच्या भांड्याला मिळायला हवी होती. उंची वाढवण्याचाही लाभ मर्यादित आहे. नळी दुप्पट केली तर हवा फार तर १.४ पट होते, आणि लांब नळीत धूर अधिक निवतो, घर्षणही वाढते, त्यामुळे तेवढीही हाती लागत नाही. उलट गरजेपेक्षा जास्त ओढ असली, तर जादा गार हवा भांड्यापर्यंत पोचणारी आच घालवते. लाकूड भराभर संपते, भांडे मात्र उशिरा तापते.

चूल धुरू लागली, तर दोष शोधताना हे नऊ ग्रॅम लक्षात ठेवावेत. पेटवतानाच धूर येऊन पुढे आपोआप थांबत असेल, तर स्तंभ थंड होता. तापल्यावरही येत राहिला, तर धुराड्याच्या बुडाशी भेग पाहावी: तिथून शिरलेली गार हवा विस्तवाला मिळत नाहीच, वर स्तंभही निववते. भेगेजवळ पेटती उदबत्ती धरली की तिचा धूर आत वळताना दिसतो. भेग नसेल, तर नळी काजळीने अरुंद झालेली असणार. ओल्या सरपणाच्या चुलीत हे लवकर होते, कारण तिचा धूर मुळातच गार असतो आणि काजळी चिकट. आणि दारे-खिडक्या बंद करून पंख्याने हवा बाहेर फेकणाऱ्या स्वयंपाकघरात निर्दोष धुराडेही हरते. पंख्याने घडवलेला दाबातला फरक त्या सव्वा मिलिमीटर पाण्याला पुरून उरतो. खिडकी बोटभर उघडताच धूर वर वळला, तर दोष चुलीत नव्हता.