त्रिकोणी तारेत लपलेले सूर

दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली तार मधोमध बोटाने उचलली की तिचा त्रिकोण होतो. बोट सुटलं की सूर उमटतो. पण त्या त्रिकोणात कोणते सूर किती प्रमाणात असतात?

तारेचे स्वतःचे असे काही आकार असतात. पहिल्यात एकच कमान. दुसऱ्यात अर्धी तार वर, अर्धी खाली आणि मध्यबिंदू स्थिर. तिसऱ्यात तीन कमानी. यांना आयगेन-फलनं म्हणतात. तारेचं कोणतंही कंपन अशा आकारांच्या बेरजेतून बनतं, असं डॅनियल बर्नुलीने 1753 मध्ये मांडलं. ऑयलरला ते पटलं नाही. अशा गुळगुळीत वक्रांमधून कोणताही मनमानी आकार कसा उभा राहील, अशी त्याची शंका होती. आपल्या त्रिकोणाला तर चक्क टोक आहे!

वाट सापडते ती या आकारांच्या परस्परलंबतेत. कोणतेही दोन वेगळे आकार घ्या, तारेच्या प्रत्येक बिंदूवर त्यांच्या उंचींचा गुणाकार करा आणि सगळ्या लांबीवर बेरीज करा. उत्तर शून्य येतं. पहिल्या आणि दुसऱ्या आकारात हे डोळ्यांनाच दिसतं, कारण डाव्या अर्ध्यातलं धन उजव्यातल्या ऋणाने पुसलं जातं. बाकीच्या जोड्यांत ते का जमतं? प्रत्येक आकाराची वक्रता त्याच्या उंचीच्या ठरावीक पटीत असते आणि ही पट दर आकाराची निराळी असते. एकाची वक्रता गुणिले दुसऱ्याची उंची, आणि त्याच्या उलट, असे दोन गुणाकार करून वजाबाकी केली, की लांबीवरची बेरीज फक्त टोकांवर अवलंबून उरते. टोकं बांधलेली, म्हणून ती शून्य. पटी मात्र वेगळ्या, म्हणून उंचींच्या गुणाकाराची बेरीजच शून्य असावी लागते.

आता त्रिकोणाला तिसऱ्या आकाराने गुणून बेरीज घ्या. बाकीचे सगळे आकार आपोआप गळतात आणि फक्त तिसऱ्याचा वाटा उरतो. तिसऱ्याला स्वतःनेच गुणलं तर बेरीज निम्म्या लांबीइतकी येते, म्हणून तिने भागायचं. त्रिकोणाची उंची 1 धरली तर पहिल्याचा वाटा 0.811, तिसऱ्याचा उणे 0.090, पाचव्याचा 0.032, सातव्याचा उणे 0.017 येतो. सम क्रमांकांचे वाटे शून्य, कारण ते आकार मध्याच्या दोन्ही बाजूंना उलटसुलट असतात. मध्यबिंदूवर हे चारही एकाच दिशेने भर घालतात आणि उंची सुमारे 0.95 होते. टोक तेवढं बोथट राहतं. तिथे बेरीज सावकाशच पोहोचते.

तार एकीकडे जाड, एकीकडे बारीक असेल तर मात्र साधा गुणाकार फसतो. वेगळ्या आकारांची बेरीज शून्य येत नाही, हीच त्याची खूण. मग प्रत्येक बिंदूवरचा गुणाकार तिथल्या तारेच्या वजनानेही गुणावा लागतो, आणि शून्य परत येतं.