फोटोतल्या ड्रमसेटमधली झांज ओळखताना

ड्रमसेटच्या फोटोत सर्वांत आधी बेस ड्रम शोधावा. जमिनीवर आडवा पडलेला, पान प्रेक्षकांकडे केलेला हा सर्वांत मोठा ड्रम वादकाच्या उजव्या पायाखालच्या पेडलने वाजतो, म्हणून त्याला किकही म्हणतात. त्याच्या पानावर बहुधा बँडचे किंवा कंपनीचे नाव असते. ती अक्षरे उलटी दिसली तर फोटोच उलटा छापलेला आहे. अक्षरे सरळ असूनही पुढे सांगितलेली सगळी मांडणी डावी-उजवी बदललेली दिसली, तर वादक डावखुरा असण्याची शक्यता मोठी.

बाकीचे ड्रम त्यांच्या आधारावरून ओळखू येतात. बेस ड्रमच्या डोक्यावर किंवा जवळच्या स्टँडवर बसवलेले एक-दोन लहान ड्रम म्हणजे टॉम. स्वतःच्या तीन पायांवर उभा असलेला खोल ड्रम म्हणजे फ्लोअर टॉम. वादकाच्या गुडघ्यांमधला, बुटक्या तिपाईवर ठेवलेला पसरट ड्रम म्हणजे स्नेअर. तो साधारण 14 इंच व्यासाचा आणि पाच-सहा इंच उंचीचा असतो. त्याच्या खालच्या पानाला तारांची जाळी लागलेली असते आणि बाजूला ती ताणण्या-सोडण्याचा खटका असतो. समोरून काढलेल्या फोटोत स्नेअर पुष्कळदा बेस ड्रमआड लपतो. तो दिसत नाही म्हणून सेटमध्ये नाही असे समजू नये.

खरी गल्लत होते ती झांजांमध्ये, म्हणजे सिंबलमध्ये. सगळ्या गोल, सगळ्या पितळी रंगाच्या. त्यातल्या त्यात हाय-हॅट सोपी. भजनातल्या झांजांसारख्या दोन झांजा एकमेकींवर तोंडाला तोंड लावून स्टँडवर आडव्या असतात, वरच्या झांजेतून दांडी वर निघालेली असते आणि स्टँडच्या तळाशी पेडल असते. डाव्या पायाने पेडल दाबले की झांजा मिटतात. मिटलेल्या हाय-हॅटची कड लांबून एकाच झांजेसारखी दिसते, तेव्हा वर आलेली दांडी आणि खालचे पेडल हीच भरवशाची खूण.

राइड आणि क्रॅश या दोन्ही सुट्या झांजा, म्हणून त्यांच्यात फसगत जास्त. राइडवर काठी सतत, ठेका धरून पडते. त्यासाठी ती हाताला सहज लागेल अशी, फ्लोअर टॉमच्या वर, कमी उंचीवर आणि बहुधा थोडीच कललेली असते. व्यास बहुतेक वेळा 20 ते 22 इंच. क्रॅश पातळ असते. तिच्या कडेवर अधूनमधून जोराचा घाव बसतो आणि आवाज एकदम फुटून लवकर विरतो. ती 16 ते 18 इंचांची, टॉमच्या वर उंच बसवलेली असते.

मात्र फोटोतल्या आकारावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. कॅमेऱ्याजवळची वस्तू मोठी दिसते, कललेली झांज अरुंद दिसते. म्हणून तुलना शेजारच्या वस्तूशी करावी आणि झांजेची रुंद बाजू मोजावी. हाय-हॅटही साधारण 14 इंचांचीच असते. स्नेअरच्या शेजारी तितक्याच अंतरावर असल्याने ती दोघे एकमेकांची पट्टी होतात. त्याच अंतरावरची एखादी झांज त्यांच्यापेक्षा थोडी मोठी दिसली तर क्रॅश, दीडपट दिसली तर राइड.

एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. 9 फेब्रुवारी 1964 रोजी न्यूयॉर्कमध्ये एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात बीटल्स वाजवत होते. त्या दिवसाच्या फोटोंत रिंगो स्टार उंच चौथऱ्यावर बसलेला दिसतो. लुडविग कंपनीच्या बेस ड्रमवर बँडचे नाव सरळ वाचता येते, म्हणजे फोटो सुलटा. रिंगो जन्माने डावखुरा, तरी सेट उजव्या हाताच्या वादकाचा मांडलेला. तेव्हा मांडणीवरून हात ओळखण्याचा नियमही पक्का नाही. बेस ड्रमवर एकच टॉम आहे, फोटोच्या डावीकडे फ्लोअर टॉम आणि त्या बाजूची झांज म्हणजे राइड. उजवीकडे हाय-हॅट आणि तिच्या वरच्या अंगाला क्रॅश. प्रेक्षकांची डावी बाजू ही वादकाची उजवी, हे विसरले की इथे राइड आणि क्रॅशची अदलाबदल होते.

मोठ्या सेटमध्ये आणखी दोन झांजा भेटतात. 8 ते 12 इंचांची इवलीशी स्प्लॅश आणि कड उलट दिशेला वळलेली चायना. चायना पुष्कळदा पालथी बसवतात, त्यामुळे तिची मधली वाटी खाली गेलेली दिसते.

काही झांजा क्रॅश आणि राइड अशा दोन्ही कामांसाठीच बनवलेल्या, 18 ते 20 इंचांच्या असतात. नुसत्या बाह्यरेषेवरून त्यांचे नाव ठरत नाही. फोटो वरून काढलेला आणि स्पष्ट असेल तर झांजेवर छापलेला प्रकार वाचता येतो. तो नसेल, पण काठी झांजेला टेकलेल्या क्षणी फोटो टिपला असेल, तर घावाची जागा पाहावी. काठीचे टोक मधल्या भागावर किंवा वाटीवर असेल तर झांज त्या क्षणी राइड म्हणून वाजते आहे. काठीचा दांडा कडेवर आदळत असेल आणि झांज हिसक्याने कललेली असेल, तर क्रॅश म्हणून.